अमेय की अभय? पत्रिकेवरची नक्षीदार अक्षरं वाचायची कशी?

मेघना_विश्रामबाग

लग्नसराई सुरू झाली आहे आणि घरात पत्रिकांचा ढीग साठलाय. आमच्या वहिनी अथणीच्या, माहेरी सगळं कन्नड. सांगलीत आल्यावर त्या मराठी वाचायला शिकल्या. आज रोजचा पेपर, मुलांची पुस्तकं, एसटीच्या पाट्या सगळं बिनचूक वाचतात. पण पत्रिका हातात घेतली की अडतात. जत्रेचं पोस्टर किंवा मंडळाचा फ्लेक्स असला तरी तेच.

परवा आलेल्या पत्रिकेवर नवरदेवाचं नाव त्यांनी ‘अमेय’ वाचलं. दादा म्हणाला ‘अभय’. आईने चष्मा लावून बघितलं आणि ‘अभेय’ म्हणाली. नावाच्या दोन ओळींचा तुकडा कापून खाली फोटो टाकलाय. वरच्या ओळीत नवरदेव, खालच्या ओळीत नवरी, तिचं नाव मधुरा. शिरोरेषा कुठेच नाही. दंड खाली जाऊन वळलेत, आणि नवरदेवाच्या नावावरून एक लांब फटकारा गेलाय.

माझा प्रश्न एवढाच. आपण मराठीत वाढलेली माणसं अशी नावं अंदाजाने वाचतो. वहिनींना अंदाज सांगून भागत नाही, ‘इथे बघा, यावरून कळतं’ असं बोट ठेवून दाखवावं लागतं. बोट नेमकं कुठे ठेवायचं?

सातारी_बाणा

अभय. डोळे झाकून सांगतो.

मेघना_विश्रामबाग

@सातारी_बाणा, डोळे उघडून सांगा की! कशावरून, तेच तर विचारतेय.

मिलिंद_कराड

ताई, सोपी युक्ती सांगतो. कोणतंही अक्षर वरच्या अर्ध्या भागावरून ओळखू येतं. एक कोरा कागद घ्या, ओळीचा खालचा अर्धा भाग झाका आणि वाचा. नक्षी बहुतेक खाली लोंबत असते, ती झाकली जाते आणि अक्षर मोकळं होतं. मात्रा, वेलांट्या, अनुस्वार सगळं वरच असतं. वहिनींना हे करून बघायला सांगा.

अनघा_विटा

मिलिंददादा, इंग्रजीला हे बऱ्यापैकी लागू पडतं. आपल्याकडे निम्मंच खरं आहे. ‘ढालगाव’ लिहा आणि खालचा अर्धा भाग झाका. पहिलं अक्षर ट आहे, ठ आहे, ढ आहे की द, काही सांगता येणार नाही. चौघांनाही वर एक बारीक देठ असतो, फरक सगळा पोटात. ट उघडा, ठ बंद गोल, ढ च्या पोटात वळसा, द ला शेपटी. खालचं झाकलं की हातात फक्त देठ उरतो.

आणि उकार? ‘सुमन’ आणि ‘समन’ सारखेच दिसतील.

मिलिंद_कराड

ट-ठ-ढ चं मान्य. पण मेघनाताईंच्या फोटोत वाद म आणि भ चा आहे, आणि तिथे फरक वरच आहे ना? म्हणजे या पत्रिकेला माझी युक्ती चालते.

डीटीपीवाला_मिरज

पत्रिका छापण्यात आयुष्य चाललंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिलिंदभाऊंचं म्हणणं या फोटोपुरतं बरोबर आहे, पण वर बघा म्हणजे नेमकं कुठे बघा, ते सांगायला हवं. साध्या छपाईत भ, ध, थ या तीन अक्षरांवर शिरोरेषा पूर्ण जात नाही. डाव्या बाजूला तुटते आणि तिथे अक्षराला एक छोटं वेटोळं असतं. म, घ, य यांच्यावर ती सलग जाते. म्हणजे म-भ, घ-ध, य-थ या जोड्यांत आपल्या डोळ्याला आधार दोन गोष्टींचा असतो, तुटलेली रेषा आणि वेटोळं. नक्षीदार फॉन्टात शिरोरेषाच काढून टाकली की पहिला आधार गेला. उरलं वेटोळं. त्यात फॉन्टवाल्याने म च्या सुरुवातीलाही एक गोंडस गाठ दिली असेल, तर दोन्ही अक्षरं जुळी भावंडं होतात. पत्रिकांवरच्या नावांचे निम्मे घोटाळे या तीन जोड्यांत असतात.

मग वाचायचं कसं? अक्षर एकटं बघायचंच नाही. त्याच फॉन्टात, त्याच कागदावर, जे अक्षर तुम्हाला नक्की माहीत आहे ते शोधायचं आणि शेजारी ठेवून बघायचं. पत्रिकेचं बरं असं की तिचा अर्धा मजकूर सगळ्यांना आधीच पाठ असतो. ‘श्री गणेशाय नमः’, ‘शुभविवाह’, ‘चि.’, ‘चि. सौ. कां.’, ‘लग्नमुहूर्त’, ‘विवाहस्थळ’. हे शब्द वाचावे लागत नाहीत, आकारावरूनच कळतात. म्हणून तीच तुमची किल्ली. ‘शुभविवाह’मध्ये भ आहे, ‘नमः’मध्ये म आहे. दोन्ही मिळाले की वाद संपला.

पण एक अट आहे आणि इथे लोक फसतात. किल्ली त्याच फॉन्टातली हवी. ‘शुभविवाह’ हा मथळा बहुतेक वेळा तयार चित्र असतो, कोणीतरी हाताने काढलेला. नावं दुसऱ्या फॉन्टात, पत्ता तिसऱ्या. मथळ्यातला भ घेऊन नावातला भ ठरवायला गेलात तर चुकाल. मेघनाताई, तुमच्या फोटोत नावांच्या दोन्ही ओळी एकाच फॉन्टात आहेत, त्यामुळे मथळ्याकडे जायची गरजच नाही. ‘मधुरा’चा म घ्या. नवरीचं नाव वादात नाही, म्हणजे तो म पक्का. त्याची डावी उभी रेघ वर सरळ जाऊन थांबते, टोक चपटं, पेन उचलल्यासारखं. आता नवरदेवाच्या नावातलं मधलं अक्षर बघा. डावी रेघ वर जाऊन आत वळलीय आणि बारीक कडी तयार झालीय. फोटो मोठा करा, कडीच्या आत मरून रंगाच्या कागदाचा ठिपका दिसतो. दोन्ही एकच अक्षर असू शकत नाहीत. म्हणजे तो भ. खात्री करायची असेल तर ‘मधुरा’तला ध बघा, त्यालाही तशीच कडी आहे. या फॉन्टवाल्याने तुटक शिरोरेषेच्या अक्षरांना कडी दिलीय आणि म ला नाही दिली. नियम सापडला.

राहिली मात्रा. ‘अभेय’ नाव कोणी ठेवत नाही, हे खरं, पण नुसत्या त्यावर निकाल द्यायचा नाही. मात्रा कशी असते ते नवरीच्या ओळीत ‘सौ.’वर बघायला मिळतं. तिथे दोन्ही मात्रा काण्याच्या डोक्यापाशी, एका ठिकाणी येऊन टेकल्यात, आणि टेकताना जाड आहेत. नवरदेवाच्या नावावरचा फटकारा कुठून निघालाय? शेवटच्या य च्या दंडाच्या टोकावरून. तिथून डावीकडे मागे जातो, भ च्या वरून जातो, पण भ च्या दंडाला टेकत नाही. अ च्या डोक्यावर बारीक होत होत संपतो. मात्रा आपल्या अक्षराच्या दंडाला टेकते. जी रेघ दुसऱ्या अक्षरातून निघते आणि हवेत संपते ती नक्षी. म्हणून अभय.

मेघना_विश्रामबाग

दादा, मनापासून आभार! वहिनींना शेजारी बसवून फोटो मोठा करून दाखवला. कडीतला मरून ठिपका त्यांना लगेच दिसला. मग त्यांनी स्वतःहून ‘सौ.’च्या मात्रांवर बोट ठेवलं.

त्या एक गोष्ट म्हणाल्या, ती इथे सांगण्यासारखी आहे. कन्नडमध्ये बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर स्वतःची वेगळी छोटी खूण असते, तलकट्टु म्हणतात तिला. सलग रेषा नसते. त्यामुळे मराठी शिकताना त्यांनी शिरोरेषा म्हणजे शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला एवढं सांगणारी रेघ, असंच धरलं. ती अक्षर ओळखायलाही कामाला येते, इकडे त्यांचं कधी लक्षच गेलं नव्हतं. साध्या छपाईत गरजही पडली नाही.

उदय_वाई

माझीही अशीच अडचण आहे. मुंजीच्या पत्रिकेची फाइल डिझायनरने पाठवली. माझ्या कॉम्प्युटरवर उघडली तर मराठी एक अक्षर नाही, सगळे इंग्रजी अक्षरं आणि कंस. वाचायची कशी?

डीटीपीवाला_मिरज

उदयभाऊ, ते वेगळं दुखणं. ती फाइल जुन्या पद्धतीच्या फॉन्टात आहे आणि तो फॉन्ट तुमच्याकडे नाही. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे फॉन्ट नसला की मूळ इंग्रजी उघडं पडतं. डिझायनरला सांगा, कोरलमध्ये मजकूर निवडून Ctrl+Q करून पाठव. म्हणजे अक्षरांची चित्रं होतील आणि कुठेही तशीच दिसतील. मात्र त्याआधी मजकूर तपासून घ्या, नंतर अक्षर बदलता येत नाही.

तुमच्या प्रश्नावरून एक सांगायचं आठवलं, ते मेघनाताईंच्या कामाचं आहे. कृतिदेव हा तसाच जुन्या पद्धतीचा फॉन्ट घ्या. त्यात भ एका कळीवर नाही. `H` दाबला की दंडाशिवायचा भ येतो, मग `k` दाबला की दंड येतो. म्हणजे भ म्हणजे `Hk`. ध म्हणजे `/k`, थ म्हणजे `Fk`, ख म्हणजे `[k`. हाच `k` काना म्हणूनही वापरतात. टाइपरायटरच्या कळफलकावरून आलेली रीत आहे ही. आता डिझायनरने नाव रुंद दिसावं म्हणून अक्षरांतलं अंतर वाढवलं की काय होतं? कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. भ चं शरीर एकीकडे, दंड दुसरीकडे, मध्ये फट. वाचणाऱ्याला वाटतं अर्ध्या अक्षरापुढे काना आहे. ही नक्षी नव्हे, मोडतोड आहे. ओळखायची खूण अशी की फट सगळ्या अक्षरांत दिसत नाही. म, न, प धडधाकट दिसतात आणि फक्त भ, ध, थ, ख, घ, श, ण अशी ठराविक अक्षरं फुटलेली असतात.

अनघा_विटा

म्हणून आमच्या गल्लीतल्या फ्लेक्सवर ‘शुभेच्छा’ तसा फुटलाय होय! रोज बघते आणि रोज चिडते.

माणदेशी_माणूस

आमच्या खटावचं सांगतो. पाव्हण्यांच्या पत्रिकेवर लग्नाचं गाव ‘रवटाव’ झालं होतं. पुण्याकडची पोरं नकाशात रवटाव शोधत बसली आणि शेवटी फोन करून विचारलं, हे गाव कोणत्या तालुक्यात आलं? ख चं र आणि व लांब झालं की संपलं.

डीटीपीवाला_मिरज

ख चं बघायचं तर पायाकडे बघा, काका. नेहमीच्या छपाईत ख मधल्या र चा पाय खाली येऊन व ला जोडलेला असतो. ‘रव’ असेल तर र चा पाय मोकळा सुटतो. नक्षीत ही जोडणी केसासारखी बारीक करतात, आणि सोनेरी फॉइल मारली की बारीक रेघ कागदावर उमटतच नाही. स चंही तसंच. स च्या मधली आडवी जोडरेघ गेली की ‘सई’चं ‘राई’ होतं. पत्रिका थोडी तिरकी धरून उजेडात बघा. फॉइल उमटली नसली तरी गरम ठशाने कागद किंचित दबलेला असतो, तो दिसतो कधीकधी.

बोरू_आणि_शाई

मी सुलेखन करते, सातारला वर्ग घेते. इथे सगळी बाजू वाचणाऱ्याची चालली आहे, ती बरोबरच आहे. पण नक्षी म्हणजे अडथळा असं कोणी समजू नये, म्हणून लिहिते.

बोरूने लिहिताना रेघेची जाडी टोकाच्या कापावर आणि हात कोणत्या दिशेला गेला त्यावर ठरते. त्यामुळे नीट लिहिलेल्या अक्षरात रेघ कुठे सुरू झाली, कुठे वळली आणि कुठे सुटली हे जाडीवरून कळतं. मिरजेच्या दादांनी मात्रेचं जे सांगितलं, त्याचं मूळ इथे आहे. अक्षराचा अवयव असलेली रेघ पूर्ण जाडीने येते. फटकारा हात सुटताना होतो, म्हणून तो निमुळता होत जातो. चांगला सुलेखनकार हा फरक जपतो आणि मग कितीही नक्षी असली तरी वाचता येते.

दुसरं म्हणजे दंडाबद्दल. म, न, त, प, स, व, ब, च, ज, अशा बऱ्याच अक्षरांना शेवटी सारखाच दंड असतो. सगळ्यांना सारखा, म्हणजे ओळख सांगण्यात त्याचा वाटा फार थोडा. पुरावा हवा असेल तर ‘म्हैसाळ’ लिहून बघा. अर्ध्या म चा दंड गळतो, तरी तो म आहे हे कोणालाही कळतं. अक्षराची ओळख दंडाच्या डावीकडे असते. म्हणून आम्ही नक्षी करायची तर दंडाला करतो. तो खाली ओढा, वळवा, त्याला पान काढा, अक्षर शाबूत राहतं. डावीकडच्या भागाला हात लावला की अक्षर बिघडतं. मेघनाताई, वहिनींना सांगा की दंडाचं काहीही झालं असलं तरी तिकडे बघू नका, त्याच्या डावीकडे बघा.

मिलिंद_कराड

हे आवडलं. म्हणजे वरचा अर्धा नाही, तर डावा अर्धा.

बोरू_आणि_शाई

दंडवाल्या अक्षरांपुरतं हो. क आणि फ चा दंड मध्ये असतो, तिथे दोन्ही बाजू बघाव्या लागतात. आणि अनघाताईंची ट, ठ, ड, ढ, द मंडळी, शिवाय र, ह, ळ, यांना दंडच नाही. तिथे पोट.

अनघा_विटा

पण ताई, तुम्ही सांगताय ते हाताने लिहिणाऱ्यांचं. पत्रिका काढणारा पोरगा फॉन्टच्या यादीतून ‘छान दिसतंय’ म्हणून एक निवडतो, त्यावर बाहेरून पांढरी कड, त्याबाहेर सोनेरी कड, मागे सावली. कड आतल्या बाजूलाही जाते आणि ब च्या पोटातली तिरकी रेघ बुजते. ब चा व, ष चा प. ‘वर्षा’ची ‘वर्पा’ मी डोळ्याने बघितलीय, चौकात, दहा फुटी.

माझं मत स्पष्ट आहे. नाव, गाव, तारीख, वेळ आणि पत्ता साध्या अक्षरात असलाच पाहिजे. नक्षी मथळ्याला करा.

सातारी_बाणा

असहमत. पत्रिका देवापुढे ठेवतात, जपून ठेवतात, ती सुंदरच हवी. नाव तर सगळ्यात सुंदर हवं, लग्न त्यांचंच आहे. पत्ता आजकाल मोबाइलवर येतोच.

अनघा_विटा

मोबाइलवरही तीच पत्रिका चित्र म्हणून येते, बाणेदादा. त्यातला पत्ता कॉपीही करता येत नाही. आणि माझ्या सासऱ्यांसारखी माणसं, ज्यांना आमंत्रणाचं खरं महत्त्व, ती कागदच वाचतात. नाव चुकीचं वाचून आहेराच्या पाकिटावर चुकीचं लिहिलं तर त्यांना किती लागतं!

डीटीपीवाला_मिरज

दोघांचंही गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. मी नाव नक्षीत करून देतो, पण छापण्याआधी साध्या कागदावर खऱ्या मापाची प्रिंट काढतो. स्क्रीनवर नाव वीतभर दिसतं, कागदावर बोटभर होतं, आणि कडी बुजली की नाही ते तिथेच कळतं. ती प्रिंट घरच्यांना दाखवून उपयोग नाही, त्यांना नाव माहीतच असतं. दुकानात आलेल्या दुसऱ्या कोणाला तरी देतो आणि वाचायला सांगतो. अडखळला की फॉन्ट बदलायचा. मूळ फॉन्ट हवाच असेल तर नुसतं ते एक अक्षर हाताने दुरुस्त करतो. भ ची कडी मोठी केली की बहुतेक काम होतं.

माणदेशी_माणूस

जाड फॉन्टाचं काय? ते गुबगुबीत अक्षरवालं, आइस्क्रीमच्या पोस्टरवर असतं तसं. माझा नातू ते पटकन वाचतो, मला उमगत नाही.

बोरू_आणि_शाई

‘मोदक’ नावाचा एक फॉन्ट आहे, काका, एक टाइप या मुंबईच्या मंडळींचा, फुकट मिळतो. बहुतेक तोच तुम्ही बघितला असेल. त्यात अक्षर इतकं फुगवलंय की आतली मोकळी जागा नुसती चिरेएवढी उरते. तिथे काळ्या भागाकडे बघू नका, पांढऱ्या चिरांकडे बघा. चीर कुठे आहे आणि कुठे वळते, त्यावरून अक्षर कळतं. मोठ्या आकारात तो सुरेख वाचता येतो. पत्रिकेतल्या पत्त्याला वापरला तर चिरा शाईने भरून जातात. तो मथळ्यासाठीच आहे.

उदय_वाई

डिझायनरने Ctrl+Q करून पाठवलं, दिसतंय आता, धन्यवाद. पण ल वेगळा दिसतो. हिंदी पेपरात असतो तसा, दंड असलेला. श पण वेगळा. छापू का तसंच?

अनघा_विटा

वाचता येईल, पण मराठी पत्रिकेवर मराठी ल आणि श च हवेत. शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला त्यात दोन्हींची मराठी रूपं ठरवून दिलीत. डिझायनरला सांगून बदलून घ्या.

डीटीपीवाला_मिरज

बऱ्याच फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, शोधून टाकावी लागतात. आणि मेघनाताई, श वरून आठवलं. ‘श्री’ मधला श किल्ली म्हणून वापरू नका. र जोडला गेल्यावर त्याचं रूपच बदलतं, सुट्या श शी ते जुळत नाही. सुटा श ‘गणेशाय’मध्ये मिळेल.

मिरजेचा_सतार

थोडं अवांतर, पण मिरज आणि छपाई निघालीच आहे म्हणून. १८०५ साली पटवर्धनांच्या आश्रयाने मिरजेत तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली होती. सुटे खिळे नाहीत, पानच्या पान कोरलेलं. म्हणजे जसं हाताने लिहायचे तसंच अक्षर छापलं गेलं. या भागात अक्षराचं प्रेम जुनं आहे.

बोरू_आणि_शाई

वा! आणि कोरायचं उलटं, आरशात दिसतं तसं. कागदावर सुलट यायला हवं ना. काय हात असेल त्या कारागिराचा.

मेघना_विश्रामबाग

हे वाचून आई खूश झाली, तिचं माहेर मिरजेचं.

मूळ विषयावर परत येते. वहिनींनी कपाटातल्या जुन्या पत्रिका काढल्या आणि आम्ही सरावच केला. आधी पाठ असलेला शब्द शोधायचा, मग त्याच फॉन्टातलं अडलेलं अक्षर त्याच्याशेजारी ठेवायचं. ‘भिलवडी’ त्यांनी ‘मिलवडी’ न वाचता बरोबर वाचलं. तिथे त्यांना वेलांटीने छळलं. पहिल्या वेलांटीची कमान भ वरून, ल वरून थेट व पर्यंत गेली होती. वेलांटी नेमकी कोणाची?

डीटीपीवाला_मिरज

कमानीकडे बघायचंच नाही. वेलांटीची उभी रेघ बघायची. ती अक्षराच्या डावीकडे असेल तर पहिली, आणि तिच्या लगेच उजवीकडचं अक्षर तिचं. उजवीकडे असेल तर दुसरी, आणि तिच्या डावीकडचं अक्षर तिचं. कमान कितीही लांब नेली तरी उभी रेघ जागची हलत नाही. फक्त जोडाक्षर असेल तर सांभाळा. पहिली वेलांटी अख्ख्या जोडाक्षराच्या आधी बसते.

मेघना_विश्रामबाग

चालतंय! आता शेवटचं. हे पोस्टर आमच्या कोपऱ्यावर लागलंय, कुस्ती मैदानाचं. भाल्यासारखी टोकदार अक्षरं आहेत. गाव, वेळ, सगळं वहिनींनी वाचलं, तारखेवर आम्ही सगळेच अडलो. ‘दि. ११’ की ‘दि. १९’? दुसरा आकडा पहिल्यासारखा नाही, पण ९ सारखाही पुरता नाही. वार छापलाय तिथे दुसरं पोस्टर चिकटवलंय.

मिलिंद_कराड

१९. दुसऱ्या आकड्याची शेपटी उजवीकडे गेलीय.

बोरू_आणि_शाई

मला ११ वाटतं. या वळणात शेवटच्या आकड्याला फटकारा देतात, शेपटी त्याची असेल. १ ची गाठ रेघेच्या डावीकडे असते, ९ ची उजवीकडे. फोटोत गाठ बुजलेली आहे, त्यामुळे पैजेवर सांगणार नाही.

डीटीपीवाला_मिरज

पोस्टरवर दुसरीकडे कुठे ९ आहे का? खाली संपर्काचे मोबाइल नंबर असतील, त्यात ९ मिळेलच. आकडे त्याच फॉन्टात असतील तर ताडून बघा.

मेघना_विश्रामबाग

नंबर आहेत, पण साध्या इंग्रजी आकड्यांत. किल्ली लागत नाही.

माणदेशी_माणूस

मैदानं जत्रेला धरून असतात. गावाची जत्रा कोणत्या तिथीला ते विचारा आणि कालनिर्णय उघडा. नाहीतर नंबर छापलाय तर फोनच करा की पोरी!

मेघना_विश्रामबाग

केला काका, उचलत नाहीत. वहिनी म्हणतात संध्याकाळी भाजीला जाताना बस स्टँडवर तेच पोस्टर लागलंय का बघते, तिथे वार उघडा असेल.